मुदत कर्ज आणि दोन गुणोत्तरे

द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत कित्ता म्हणून गिरवली आहे. परंतु अंथरूण नेमके किती लांब आहे, हे मोजायचे कसे, ते ही म्हण सांगत नाही. एखाद्या उद्योगाचा मुदत कर्जाचा अर्ज बँकेत गेला म्हणजे तेथील अधिकारी नेमके हेच मोजमाप करतो. त्याच्याजवळ त्यासाठी जी साधने असतात, त्यांपैकी दोन साधनांचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे. एक आहे कर्ज-भांडवल गुणोत्तर. बँकेतील मंडळी त्याला 'डेट इक्विटी रेशो' म्हणतात. दुसरे व्याज-संरक्षण गुणोत्तर, म्हणजेच 'इंटरेस्ट कव्हरेज'.

ही गुणोत्तरे आपल्या पाठ्यपुस्तकात एकेका ओळीत दिलेली आहेत. भागाकार तर चौथीतल्या मुलालाही येतो. अडचण भागाकाराची नाही. भागाकारात वर कोणता आकडा घ्यायचा आणि खाली कोणता, ही खरी अडचण आहे. कॉलेज सुटल्यावर मी एका कर सल्लागारांकडे जमाखर्चाच्या नोंदी लिहिण्याचे काम करते. तेथे कर्जाच्या फायली तयार होताना मी पाहते. एकाच ताळेबंदावरून कर्ज मागणारा एक उत्तर काढतो आणि कर्ज देणारा दुसरेच काढतो, आणि दोघांचाही भागाकार बरोबर असतो. हे असे का होते, ते समजले म्हणजे ही गुणोत्तरे समजली, असे मला वाटते.

मुदत कर्ज म्हणजे काय?

उद्योगाला दोन प्रकारचे कर्ज लागते. माल विकत घ्यायचा, तो विकायचा आणि आलेल्या पैशातून कर्ज फेडायचे, हा पहिला प्रकार. त्यासाठी बँक कॅश क्रेडिट देते. हे खाते विहिरीसारखे असते. पाणी उपसले की पुन्हा भरते. दुसरा प्रकार इमारत व यंत्रे यांसाठीच्या कर्जाचा. यंत्र काही विकायचे नसते, त्यामुळे त्याचे पैसे एकदम परत येत नाहीत. यंत्रापासून जो नफा होईल, त्यातून पाच-सात वर्षे हप्त्याहप्त्याने फेड करायची असते. हेच मुदत कर्ज. यात बँक आजचा माल पाहून नव्हे, तर पुढच्या पाच-सात वर्षांच्या नफ्यावर भरवसा ठेवून पैसे देते. म्हणून तिची तपासणीही अधिक बारकाईची असते.

एका डाळमिलचे उदाहरण

लातूर, अकोला, जळगाव ही गावे डाळमिलसाठी सर्वांच्या परिचयाची आहेत. माझी आई आमच्या गावच्या मिलमध्ये डाळ निवडण्याच्या कामावर आहे, त्यामुळे हा धंदा मला थोडाफार ठाऊक आहे. म्हणून उदाहरणादाखल कल्पनेतली एक डाळमिल घेऊ. दोन भावांची ही भागीदारी आहे. वर्षाची विक्री ६४० लाख रुपये. त्यांना नवी शेड बांधायची आहे आणि डाळ रंगावरून निवडणारे यंत्र घ्यायचे आहे. या यंत्राला बाजारात सर्वजण सॉर्टेक्स म्हणतात. शेडला ३० लाख आणि सर्व यंत्रसामग्रीला ५० लाख, असा एकूण खर्च ८० लाख. त्यांतले २० लाख ते स्वतः घालणार असून ६० लाखांचे मुदत कर्ज मागत आहेत.

३१ मार्च रोजीचा त्यांचा ताळेबंद असा आहे. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत.

देणी:
- भागीदारांचे भांडवल: ४८
- नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने: १०
- जुने मुदत कर्ज: १४
- कॅश क्रेडिट: ५०
- तूर विकणाऱ्या आडत्यांचे देणे: १२
- एकूण: १३४

मालमत्ता:
- जमीन, इमारत व यंत्रे: ५२
- तूर व डाळीचा साठा: ५२
- गिऱ्हाइकांकडून येणे: २०
- चुलतभावाच्या दुकानाला दिलेली उसनवारी: ८
- रोख व बँकेतील शिल्लक: २
- एकूण: १३४

पहिले गुणोत्तर: परक्याचे किती, आपले किती?

कर्ज-भांडवल गुणोत्तर म्हणजे दीर्घ मुदतीच्या कर्जाला मालकांच्या स्वतःच्या भांडवलाने भागणे. उत्तर २ आले, तर मालकाच्या प्रत्येक रुपयामागे कर्जाचे दोन रुपये आहेत. धंद्यात खोट आली तर ती आधी मालकाच्या रुपयातून जाते. तो संपल्यावर बँकेच्या रुपयाला हात लागतो. म्हणून मालकाचे भांडवल ही बँकेच्या दृष्टीने एक उशीच असते. ती किती जाड आहे, हे या गुणोत्तरावरून कळते.

सामान्यतः २ पर्यंतचे गुणोत्तर चालते, असा संकेत आपल्याकडे दीर्घकाळ आहे. १९९२ पर्यंत कंपन्यांच्या कर्जरोख्यांच्या विक्रीवर भांडवल विक्री नियंत्रकांची देखरेख असे, त्यांच्या नियमांतही २ : १ हीच मर्यादा होती. आता प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे मर्यादा ठरवते आणि लहान उद्योगांना थोडी सवलतही देते.

आता मिलमालकांचा हिशेब पाहू. ते म्हणतात, आमचे भांडवल ४८, नवीन घालणार २०, आणि नातेवाइकांचे १० हे घरचेच, कोणी मागायला येत नाही. एकूण ७८. मुदत कर्ज जुने १४ आणि नवे ६०, मिळून ७४. चौऱ्याहत्तर भागिले अठ्ठ्याहत्तर म्हणजे ०.९५. एकापेक्षाही कमी! मग बँकेला कसली अडचण?

बँकेचा अधिकारी हाच ताळेबंद घेऊन बसतो आणि चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: भांडवलाचे ४८ लाख खरोखर कोणी घातले का? खातेवही चाळल्यावर दिसते की दोन वर्षांपूर्वी जमिनीची किंमत वाढली म्हणून पुस्तकात १२ लाख वाढवून लिहिले होते. जमीन तीच आहे. एक रुपयाही आलेला नाही. हे १२ लाख भांडवलातून वजा होतात.

दुसरा प्रश्न: चुलतभावाच्या दुकानाला दिलेले ८ लाख परत कधी येणार? तीन वर्षे तो आकडा जागचा हललेला नाही, व्याजही आलेले नाही. म्हणजे मालकांनी धंद्यात घातलेल्या पैशांपैकी ८ लाख धंद्याबाहेर गेले आहेत. जे भांडवल बाहेर आहे, ते तोट्याच्या वेळी उशी म्हणून उपयोगी पडणार नाही. तेही वजा.

तिसरा प्रश्न: नातेवाइकांचे १० लाख घरचे आहेत, याला पुरावा काय? मुलीचे लग्न निघाले की मामा पैसे मागणारच. बँकेचे कर्ज फिटेपर्यंत आम्ही ही रक्कम काढून घेणार नाही, असे त्यांनी लिहून दिले तर बँक ती भांडवलासारखी धरते. लिहून दिले नाही, तर ते कर्जच.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: नवीन २० लाख कोठून येणार? प्लॉट विकून किंवा ठेव मोडून येणार असतील तर ठीक. परंतु ते कॅश क्रेडिटमधून उचलले असतील, तर ते भांडवल नव्हे, बँकेचाच पैसा मालकाचे नाव लावून परत आलेला आहे. हे ओळखायला फारसे कठीण नाही. बँक बारा महिन्यांचा खातेउतारा पाहते. त्यात मोठी रक्कम एका नातेवाइकाच्या खात्यावर जाऊन आठ दिवसांत 'भांडवल' म्हणून परत आलेली दिसते. आपल्या उदाहरणात प्लॉट विकल्याचे कागद आहेत, म्हणून २० लाख मान्य करू.

आता पुन्हा भागाकार. भांडवल ४८ अधिक २०, त्यातून १२ व ८ वजा, म्हणजे ४८. कर्ज १४ अधिक ६० अधिक नातेवाइकांचे १०, म्हणजे ८४. चौऱ्याऐंशी भागिले अठ्ठेचाळीस म्हणजे १.७५. कोठे ०.९५ आणि कोठे १.७५! ताळेबंदातला एकही आकडा खोटा नव्हता. फक्त 'आपले' या शब्दाचा अर्थ दोघांनी निरनिराळा केला.

बँक येथे आणखी एक बेरीज करते. मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिट व आडत्यांचे देणेही धरते, कारण मिल बुडाली तर सर्वच जण दारात येतील. उत्पादन वाढल्यावर कॅश क्रेडिट ६५ लाखांपर्यंत जाईल, असे मालकांनीच लिहिले आहे. तेव्हा ८४, ६५ आणि १२ मिळून १६१. त्याला ४८ ने भागले तर ३.३५. हे प्रमाण ३ च्या आत असावे, अशी अनेक बँकांची अपेक्षा असते.

या गुणोत्तराची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो आहे. फोटो काढायच्या वेळी जो तो केस विंचरतो. ३० मार्चला हातउसने घेऊन कर्ज कमी दाखवायचे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा उचलायचे, हा प्रकार उताऱ्यावरून उघडकीला येतो. परंतु फोटो कितीही खरा असला तरी माणूस किती वेगाने चालतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दुसरे गुणोत्तर हवे.

दुसरे गुणोत्तर: व्याजाला नफा किती पट?

व्याज-संरक्षण गुणोत्तर वर्षभराच्या कमाईवर काढतात. व्याज व कर देण्यापूर्वीचा नफा घ्यायचा आणि त्याला वर्षाच्या एकूण व्याजाने भागायचे. उत्तर २ आले तर एका रुपयाच्या व्याजासाठी दोन रुपये नफा आहे. उत्तर १ म्हणजे सर्व कमाई व्याजातच गेली, मालकाच्या हाती काही उरले नाही. १ च्या खाली म्हणजे व्याजासाठीही दुसरीकडून उसने आणावे लागणार. साधारणपणे २ किंवा अधिक असल्यास बँक समाधानी असते आणि दीडच्या खाली गेले की सावध होते.

मिलमालकांचा अंदाज असा आहे की नवीन यंत्र बसल्यावर विक्री ९६० लाख होईल आणि घसारा, व्याज व कर यांपूर्वीचा नफा ४४ लाख होईल. मुदत कर्जांचे व्याज जुने १.२ आणि नवे ६.२, एकूण ७.४ लाख. नवे व्याज सव्वाअकरा टक्के दराने आणि हप्ते सुरू झालेले धरून काढले आहे. चव्वेचाळीस भागिले ७.४ म्हणजे जवळजवळ सहा पट. येथेही भागाकार बरोबरच आहे.

बँक मात्र आधी ४४ या आकड्याकडे वळते. गेल्या वर्षी पुस्तकात २४ लाख नफा होता. त्यात ३ लाख जमिनीचा तुकडा विकून आलेले होते. जमीन दर वर्षी विकता येत नाही, म्हणून धंद्याचा खरा नफा २१ लाख. मग २१ चे ४४ कसे होणार? मालकांच्या मांडणीत यांपैकी ७.२ लाख मजुरीच्या बचतीचे आहेत. डाळ निवडणाऱ्या चौदा बायकांपैकी आठ कमी करायच्या. प्रत्येकीची ३०० रुपये रोजाने ३०० दिवसांची मजुरी, म्हणजे हीच रक्कम येते. उरलेले १५.८ लाख जादा उत्पादन आणि स्वच्छ डाळीला मिळणारा चांगला भाव यांचे आहेत. ही मजुरीची ओळ मी प्रथम वाचली तेव्हा थोडा वेळ तेथेच थांबले. गुणोत्तराच्या भाषेत आठ बायकांचे काम जाणे म्हणजे वरच्या आकड्यात ७.२ ची भर. त्यामुळे उत्तर सुधारते. आपण काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे, एवढेच येथे म्हणते.

नफ्याचा आकडा खरा आहे की फुगवलेला, हेही बँक पडताळून पाहते. शंभर किलो तुरीपासून मिलमध्ये साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते; बाकी चुनी आणि टरफल. कोणाच्या पुस्तकात ८५ किलो दिसली तर काही तरी गडबड आहे. तसेच विजेचे बिल पाहतात. डाळ दीडपट निघाली आणि वीज तेवढीच लागली, असे होत नाही. बाजार समितीच्या पावत्यांवरून तुरीची खरेदी आणि बँक खात्यातील जमेवरून डाळीची विक्री पडताळता येते. आपल्या मिलचे कागद या कसोटीला उतरले असे धरू आणि ४४ मान्य करू.

आता घसारा. यंत्र झिजते, दहा वर्षांनी दुसरे घ्यावे लागेल. म्हणून आयकराच्या दराने, इमारतीवर दहा टक्के व यंत्रांवर पंधरा टक्के, नव्या मालमत्तेचा घसारा १०.५ आणि जुन्याचा ४.५, एकूण १५ लाख वजा करायचे. उरले २९.

खालचा आकडा तर मालकांनी अर्धाच घेतला होता. व्याज म्हणजे केवळ मुदत कर्जाचे नव्हे. तुरीची आवक जानेवारी ते मार्च या दिवसांत असते. त्या वेळी तूर भरून ठेवायची तर कॅश क्रेडिट लागते. त्याचे व्याज ६.५ लाख. नातेवाइकांनाही वर्षाला १.२ लाख व्याज द्यावे लागते. ७.४, ६.५ आणि १.२ मिळून १५.१. एकोणतीस भागिले १५.१ म्हणजे १.९२.

सहा पटीचे दोनही झाले नाहीत. तरीही १.९२ काही वाईट नाही. कित्येक अर्ज येथेच मंजूर झाले असते. पण चांगला अधिकारी आणखी एक पाऊल पुढे जातो.

शंभरातला एक रुपया

तो विचारतो, ९६० लाखांच्या विक्रीत २९ लाख म्हणजे शंभर रुपयांच्या डाळीत तीनच रुपये. उद्या तुरीचा भाव चढला आणि डाळीचा तेवढा चढला नाही, तर काय? शंभरामागे एकच रुपया कमी सुटला असे धरू. बाजारात हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु ९६० लाखांचा एक टक्का म्हणजे ९.६ लाख. नफा २९ वरून १९.४ वर येतो. व्याज मात्र १५.१ च राहते. बँकेचे व्याज तुरीचा भाव विचारत नाही. गुणोत्तर १.२८. दोन रुपये कमी सुटले तर नफा ९.८ आणि गुणोत्तर ०.६५, म्हणजे व्याजापुरतीही कमाई नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. १.९२ हा आकडा निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळा अर्थ सांगतो. ज्या धंद्यात शंभर रुपयांत वीस रुपये सुटतात, तेथे एक रुपया गेला तर फारसे बिघडत नाही. डाळमिलसारख्या धंद्यात उलाढाल मोठी आणि सुटणारा पैसा थोडा, म्हणून तेथे तेच गुणोत्तर फार नाजूक असते. नुसते उत्तर पाहून भागत नाही. ते किती लवकर ढासळते तेही पाहावे लागते.

दोघांनाही न दिसणारी गोष्ट

या दोन्ही गुणोत्तरांना मुद्दलाचा हप्ता दिसत नाही. व्याज-संरक्षण गुणोत्तर फक्त व्याज पाहते. सावकाराच्या कर्जात वर्षानुवर्षे व्याजच भरत राहायचे आणि मुद्दल तसेच, हे खेड्यातल्या लोकांना सांगायला नको. बँकेच्या मुदत कर्जात मात्र मुद्दलही ठरल्या तारखेला द्यावेच लागते. म्हणून बँक तिसरा भागाकार करते. हाती येणारी रोकड वर आणि व्याज अधिक हप्ता खाली. याला कर्जफेड-क्षमता गुणोत्तर म्हणतात.

वर सांगितलेल्या एक रुपया कमी सुटलेल्या वर्षाचाच हिशेब करू. नफा १९.४, व्याज १५.१, उरले ४.३. आयकर सुमारे १.३, उरले ३. घसारा पुस्तकात लिहितात, पण खिशातून जात नाही, म्हणून त्याचे १५ परत मिळवायचे. मुदत कर्जांचे व्याज ७.४ हेही मिळवायचे, कारण ते खालच्या आकड्यात पुन्हा येणार आहे. झाले २५.४. दोन भावांची घरे याच मिलवर चालतात. त्यांची वर्षाची उचल ४ लाख वजा केली की २१.४ उरतात. आता द्यायचे किती? व्याज ७.४, जुन्या कर्जाचे हप्ते ५ आणि ६० लाख पाच वर्षांत फेडायचे म्हणून १२. एकूण २४.४. म्हणजे ३ लाखांची तूट.

येथे गंमत पाहा. त्याच वर्षी व्याज-संरक्षण गुणोत्तर १.२८ आहे, म्हणजे व्याज भरून पैसे उरतात, आणि तरीही हप्ता थकतो. तूट भरायला मालक कॅश क्रेडिटमधून पैसे उचलतात, पुढच्या हंगामात तूर घ्यायला पैसे कमी पडतात, उत्पादन घटते, नफा आणखी उतरतो. मिल एका दिवसात बंद पडत नाही, ती अशी वर्षा-दोन वर्षांत बंद पडते. आणि मग आठ नव्हे, चौदाही बायका घरी बसतात.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अडचणीत आलेल्या मोठ्या कर्जांची पुनर्रचना करताना कोणती गुणोत्तरे पाहावीत, हे ठरवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने के. व्ही. कामत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने पाच गुणोत्तरे सुचवली. त्यांत एकूण देण्यांचे स्वतःच्या भांडवलाशी प्रमाण आहे, कर्जफेड-क्षमता गुणोत्तर आहे. व्याज-संरक्षण गुणोत्तर स्वतंत्रपणे नाही. वरील हिशेब केल्यावर त्याचे कारण समजायला अडचण पडत नाही.

मग कर्ज द्यावे की नाही?

गुणोत्तरे म्हणजे केवळ नकार देण्याचे हत्यार, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्यांतून दुरुस्तीचा मार्गही निघतो. आपल्या मिलसाठी अधिकारी तीन अटी घालतो. नातेवाइकांनी कर्ज फिटेपर्यंत पैसे न काढण्याचे लिहून द्यावे. चुलतभावाकडचे ८ लाख वसूल करून ते या कामात घालावेत, म्हणजे कर्ज ६० ऐवजी ५२ लाख पुरेल. आणि फेडीची मुदत पाचऐवजी सहा वर्षे करावी.

आता पुन्हा हिशेब. भांडवल ४८ अधिक २०, वजा १२, अधिक नातेवाइकांचे १०, म्हणजे ६६. वसूल झालेले ८ आता वजा करायचे कारण नाही, ते यंत्राच्या रूपाने मिलमध्येच आहेत. मुदत कर्ज १४ अधिक ५२, म्हणजे तेही ६६. गुणोत्तर बरोबर १. कॅश क्रेडिट व आडत्यांचे देणे धरूनही २.१७, म्हणजे ३ च्या पुष्कळ आत. नव्या कर्जाचे व्याज ५.४ झाल्याने एकूण व्याज १४.३ वर येते आणि नेहमीच्या वर्षी व्याज-संरक्षण गुणोत्तर २.०३ होते.

खरी परीक्षा वाईट वर्षाची. शंभरातला एक रुपया कमी सुटला, तर वरच्याच पद्धतीने हाती २१.१ लाख येतात आणि द्यायचे २०.३ लाख असतात. फार नाही, पण ८० हजार रुपये उरतात. हप्ता थकत नाही.

मिल तीच, यंत्र तेच, मालकही तेच. साठ लाख पाच वर्षांच्या मुदतीने दिले असते तर पहिल्याच मंद वर्षी जे खाते थकले असते, ते बावन्न लाख सहा वर्षांच्या मुदतीने दिल्यास टिकते. मात्र शंभरामागे दोन रुपये कमी सुटले, तर ही दुरुस्तीही पुरणार नाही. तेवढा धोका मालक आणि बँक दोघांनाही पत्करावा लागतो. म्हणून कर्जाची फाईल पाहताना शेवटच्या ओळीतला १.९२ किंवा ०.९५ वाचून थांबू नये. 'आपले' म्हणून काय धरले, 'व्याज' म्हणून काय धरले आणि बाजारात एक रुपया हलला तर काय होते, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली की अंथरूण किती लांब आहे ते कळते.